पहिल्या व्हिजिटचं रक्त: एचबी, कावीळ-बी आणि थॅलेसेमियाची चाचणी कशी आली (पार्श्वभूमी)

दिवस गेल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात नाव घातलं की हातात जी लॅबची चिठ्ठी पडते, त्यावर हल्ली 'एएनसी प्रोफाइल' असं एकच नाव असतं. पण त्यातल्या चाचण्या काही एकदम आलेल्या नाहीत, एकेक करत मागेपुढे चिकटत गेल्या आहेत. ब्लड ग्रुप, शुगर, एचआयव्ही, व्हीडीआरएल, थायरॉइड हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून सोडतो. तीनच घेतो, कारण एकच प्रश्न तिन्हींत वेगवेगळ्या तऱ्हेनं सुटलाय किंवा अडलाय: चाचणी सगळ्यांची करायची की निवडक बायकांची.

एचबीत हा वाद कधी नव्हताच. आपल्याकडे गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या द्यायचा देशपातळीवरचा कार्यक्रम १९७० चा, आणि तेव्हापासून खूप वर्षं एचबी म्हणजे साहलीची नळी. बोटातून २० मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकायचं, ते तपकिरी झालं की बाजूच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालत बसायचं. रंग डोळ्यानं जुळवायचा म्हटल्यावर एकीच्या नजरेत ९ आलं तर दुसरीच्या नजरेत १० यायचं, आणि पाच मिनिटं न थांबता रीडिंग घेतलं की हमखास कमी. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, ७ च्या खाली म्हणजे तीव्र, हे आकडे आजही तेच आहेत. (दुसऱ्या तिमाहीत रक्त पातळ होतं म्हणून १०.५ पर्यंत चालवून घेतात.) २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के ॲनिमिक निघाल्या, म्हणजे गोळ्यांना पन्नास वर्षं होऊनसुद्धा. त्यामुळे झालं असं की एचबी कमी दिसलं रे दिसलं की लोह द्यायचं, हे सगळ्यांच्या हाडीमासी भिनलं. कमी का आहे हे एचबीचा आकडा सांगतच नाही.

कावीळ-बीची गोष्ट वेगळी. काही जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अजून 'ऑस्ट्रेलिया अँटीजेन' लिहिलेलं दिसेल, कारण १९६० च्या दशकात हे प्रथिन ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलं, ते हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं आहे हे नंतर कळलं. त्याचंच आजचं नाव एचबीएसएजी, आणि ते पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे, मग बाईला काडीचा त्रास नसेना का. खरी भीती बाळाची असते, कारण जन्माच्या वेळी लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत ती कायमची राहते. अमेरिकेत आधी फक्त 'जोखमीच्या' बायकांना तपासायचे, त्यात जवळपास निम्म्या पॉझिटिव्ह बायका निसटायच्या, मग १९८८ ला सगळ्या गरोदर बायकांची चाचणी करा असा सल्ला आला. आपल्याकडे लसीचा सरकारी कार्यक्रम २००२ च्या आसपास काही ठिकाणी सुरू होऊन २०११ पर्यंत देशभर पोचला. आता पॉझिटिव्ह आईच्या बाळाला २४ तासांत लस, जमलं तर १२ तासांत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन, आणि आईचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, २ लाखांच्या वर असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोविर हे विषाणूवरचं औषध. एक खोच आहे, बाईनं स्वतः नुकतीच कावीळ-बीची लस घेतलेली असेल तर थोडे दिवस चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, ते आधी विचारायला पाहिजे.

आता थॅलेसेमिया, आईबापांकडून येणारा हिमोग्लोबिनचा आजार, जिथं घोडं अजून अडलेलं आहे.

बरीच वर्षं आपल्याकडे ही चाचणी समाज बघून व्हायची. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी आडनाव असेल तर करा, नाहीतर सोडा. उल्हासनगरसारख्या ठिकाणी शिबिरं झाली ती याच हिशोबानं. त्या समाजांत वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण दोष मुलांना देऊ शकणारे, जास्त आहेत हे खरंच आहे, पण बाकीच्यांत नाहीत असं कधीच नव्हतं, आणि आंतरजातीय लग्नं वाढल्यावर आडनावावरून अंदाज करणं म्हणजे निव्वळ जुगार. २०१६ ला देशपातळीवर मार्गदर्शक सूचना आल्या त्यात गरोदरपणात सगळ्यांचीच तपासणी सुचवली, पण खर्च, मशिनं आणि सवय यामुळे बऱ्याच ठिकाणी अजून आडनावच चालतं. माझ्या मते हे चुकीचंच आहे, कारण अर्धी माहिती तर आधीच केलेल्या सीबीसीत फुकट पडलेली असते.

उदाहरण घ्या. नऊ आठवड्यांची बाई, एचबी १०.२, तांबड्या पेशी ५४ लाख, एमसीव्ही म्हणजे पेशीचा सरासरी आकार ६२. सवयीनं लोह सुरू होईल. पण लोह कमी असेल तर पेशी लहान होतात तशा संख्येनंही कमी होतात, साधारण ४१ लाख आणि एमसीव्ही ७४ असं काहीतरी दिसतं. इथं पेशी लहान आहेत पण भरपूर आहेत. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षातल्या आकड्यानं भागा, ६२ भागिले ५.४, साडेअकरा आले. १३ च्या खाली म्हणजे थॅलेसेमियाचा संशय, वर म्हणजे लोहाचा. हा नुसता इशारा आहे, दोन्ही एकत्र असले की तो फसतो. मग एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी करायची, त्यात एचबी ए-टू हा प्रकार हिचा ५.२ टक्के आला. ३.५ च्या खाली नॉर्मल आणि ४ च्या वर वाहक नक्की, मधल्यांचं काय करायचं यावर लॅबवाल्यांचं एकमत नाही. लोह फार कमी असेल तर ए-टू खाली दिसतं, नुकतंच रक्त चढवलं असेल तर रिपोर्टच भरवशाचा नसतो. वाहक निघाली म्हणून लोह बंद करायचं नाही हां, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघून ठरवायचं, पण एचबी वाढत नाही म्हणून इंजेक्शनवर इंजेक्शन देत राहणंही तितकंच चूक.

स्वस्तात करायचं तर नेस्ट्रॉफ्ट आहे, ०.३६ टक्के मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकून परीक्षानळीमागची काळी रेघ दिसते का बघायचं. दिसली तर ठीक, नाही दिसली तर पुढची चाचणी. लोह कमी असलेल्या बायकांतही ती पॉझिटिव्ह येते.

पण वादाचा खरा मुद्दा क्रमाचा. ठरलेली पद्धत अशी की आधी बायकोची, ती वाहक निघाली तरच नवऱ्याची. पैसा वाचतो, आणि बाई नवव्या आठवड्यात आली असेल तर निभावतंही: आठवड्यात तिचा रिपोर्ट, आठवड्यात नवऱ्याचा, दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे बाळाला गंभीर आजार होण्याची, मग दोघांच्या रक्तातून म्युटेशन शोधायचं आणि ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन बाळाची तपासणी. तीच बाई सोळाव्या आठवड्यात आली आणि नवरा कामाला गुजरातेत, की सगळं गणित कोसळतं. १९७१ च्या गर्भपात कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती, त्यात रिपोर्ट येईपर्यंत मुदत संपायची. २०२१ च्या दुरुस्तीनं काही गटांना २४ आठवडे मिळाले, आणि गर्भात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्डाच्या परवानगीनं मर्यादाच काढली. उशिरा नाव घालणाऱ्यांत नवरा-बायकोचं रक्त एकाच दिवशी घ्यावं असं म्हणणारे डॉक्टर मला पटतात. सासरचे 'आमच्या मुलाची कशाला' म्हणतात तेव्हा तर आणखीच पटतात. लग्नाआधीच तपासा म्हणणारेही आहेत, सायप्रसमध्ये तसं केलंही, पण आपल्याकडे त्या रिपोर्टावर मोडतं ते मुलीचंच लग्न.

पुढच्या गरोदरपणात एचबी आणि कावीळ-बी पुन्हा करावंच लागतं. एचपीएलसी मात्र एकदाच, म्हणून तो कागद फाइलीत जपून ठेवायचा, आणि बाई वाहक असेल तर तिच्या भावाबहिणींनाही एकदा दाखवायचा.