सर्वेक्षणातील वैयक्तिक माहितीचे संरक्षण (नियोजन)

सर्वेक्षणात किंवा ग्राहकांच्या नोंदणीत लोक जी माहिती देतात, तिच्यावरून नेमकी व्यक्ती ओळखू येऊ नये आणि सांगितलेल्या कामाखेरीज ती माहिती कुठे जाऊ नये, यासाठी प्रश्नावली पक्की होण्याआधीच करायची आखणी. हे काम बहुतेक ठिकाणी शेवटी, अहवाल छापताना आठवते. तोवर नावाचा रकाना काढून टाकण्यापलीकडे फारसे काही हाती उरलेले नसते, आणि तेवढ्याने भागत नाही.

ते का भागत नाही, हे १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात दिसून आले. सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याच्या नोंदी नाव-पत्ता काढून संशोधकांना दिल्या गेल्या होत्या. जन्मतारीख, लिंग आणि पिन कोडसारखा झिप कोड मात्र त्यात तसाच होता. लॅटान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख यादीतल्या सहा जणांची होती. त्यांपैकी तीन पुरुष होते, आणि वेल्ड यांच्या झिप कोडमधला एकच. अशा रीतीने गव्हर्नरांच्या आजारपणाच्या नोंदी तिच्या हाती आल्या. एकेकटी निरुपद्रवी वाटणारी, पण एकत्र आली की माणूस दाखवणारी ही माहिती म्हणजे ‘अप्रत्यक्ष ओळखखुणा’. आखणीचा खरा भर यांच्यावर असावा लागतो.

आपल्याकडच्या खेड्यात तर मतदारयादीचीही गरज पडत नाही. ‘स्त्री, वय ६७, पदवीधर, निवृत्त मुख्याध्यापिका’ एवढे वाचले की गावातले कोणीही नाव सांगेल.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तालुक्यातल्या १२ गावांत मधुमेह आणि रक्तदाबाच्या पाहणीसाठी ४०० जणांना प्रश्न विचारायचे आहेत. पहिल्या मसुद्यात नाव, मोबाइल क्रमांक, गाव, जन्मतारीख, लिंग, जात, शिक्षण, व्यवसाय, आजार आणि औषधांचा खर्च असे रकाने आहेत. प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न लिहावा : अहवालातल्या कोणत्या तक्त्यासाठी हा लागणार? जन्मतारखेपुढे काहीच लिहिता येत नाही, कारण तक्ते वयोगटांचे आहेत. म्हणून पूर्ण झालेले वय विचारले की पुरे. जी माहिती घेतलीच नाही ती हरवतही नाही, म्हणून ही छाटणी सगळ्यांत स्वस्त आणि पक्की.

पुढची पायरी मोजणीची. गाव, लिंग आणि वय या तिन्ही गोष्टी सारख्या असलेली किती माणसे यादीत आहेत? एका गावातून साधारण ३३ जण आले, तर वर्षांत मोजलेल्या वयाने बहुतेक जण एकटे पडतात. आता १२ गावांचे तीन पट्टे केले आणि वयाचे चार गट केले (१८ ते ३४, ३५ ते ४९, ५० ते ६४ आणि ६५ किंवा त्याहून जास्त), तर लिंग धरून २४ गट होतात आणि एका गटात सरासरी १७ जण येतात. त्यात जातीचे चार प्रवर्ग मिळवले की गट ९६ होतात आणि सरासरी चारवर येते. म्हणजे कित्येक गटांत एखाद-दुसराच माणूस असणार. गटात किमान पाच जण हवेत असे ठरवले असेल, तर जात आणि गावपट्टा एकाच फाइलमध्ये बाहेर देता येणार नाहीत. ही मोजणी एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये दहा मिनिटांत होते. सरासरीवर मात्र विसंबू नये, सगळ्यांत लहान गट पाहावा.

या कसोटीला मर्यादा आहे. गटातल्या सहाही जणांना मधुमेह असेल, तर त्यांतला नेमका कोण हे न कळताही प्रत्येकाचा आजार उघड होतो. म्हणून गटातली उत्तरे वेगवेगळी आहेत का, हेही बघावे लागते. मोकळ्या उत्तरांवर तर कोणतीच मोजणी चालत नाही. ‘माझे दीर सरपंच आहेत, ते गोळ्या आणून देतात’ असे वाक्य एखाद्याने वाचूनच बदलावे लागते.

नाव आणि मोबाइल क्रमांक उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात आणि दोन्हींना जोडणारा सांकेतिक क्रमांक यादृच्छिक पद्धतीने काढतात. इथे एक चूक वारंवार होते. मोबाइल क्रमांकाचाच हॅश, म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्यापासून बनवलेली अक्षर-अंकांची ओळ, काढून तो संकेत म्हणून वापरला जातो. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरे, पण भारतातले मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. तेवढ्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवून पाहणे आजच्या संगणकाला मुळीच जड नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सीफेऱ्यांच्या सुमारे १७ कोटी नोंदी २०१४ मध्ये खुल्या झाल्या, तेव्हा परवाना क्रमांक याच तऱ्हेने झाकले होते, आणि ते थोड्याच वेळात उघडले गेले.

गळती बहुधा सर्व्हरवर होत नाही, ती वाटेत होते. प्रगणक शंका विचारायला भरलेल्या फॉर्मचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, आणि तो फोटो ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गॅलरीत जाऊन बसतो. म्हणून शंका फक्त सांकेतिक क्रमांक सांगून विचारायची, हा नियम प्रशिक्षणातच द्यावा. ओडीके कलेक्ट या फोनवर फॉर्म भरण्याच्या ॲपमध्ये फॉर्मच्या `settings` पानावर `public_key` भरली की पूर्ण झालेला फॉर्म फोनमध्येच कुलूपबंद होतो. अर्धवट भरलेला मसुदा मात्र उघडाच राहतो, म्हणून दिवसअखेरीस एकही मसुदा शिल्लक नाही हे पर्यवेक्षकाने तपासायचे. हे कुलूप उघडणारी खासगी किल्ली हरवली तर सगळी माहिती कायमची गेली, त्यामुळे ती दोन वेगळ्या ठिकाणी जपावी.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेली माहितीही कायद्याच्या कक्षेत येते. कोणती माहिती, कशासाठी घेतली जात आहे आणि दिलेली संमती कशी मागे घ्यायची, हे सूचनेत असावे लागते. ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते, म्हणजे मराठीतही. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. संशोधन आणि सांख्यिकी कामाला कायद्यात सूट आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाणार नसेल आणि ठरवून दिलेली मानके पाळली असतील तरच. वरच्या पाहणीतली यादी पुढे औषधविक्रीच्या फोनसाठी वापरली, तर ती सूट उरत नाही.

उदाहरणातल्या पाहणीत मोबाइल क्रमांक फेरतपासणीसाठी लागतात. ४०० पैकी ४० जणांना पुन्हा फोन करून मोजके प्रश्न विचारायचे, हे काम शेवटच्या मुलाखतीनंतर १५ दिवसांत संपते. नावांची फाइल पुसण्याची तारीख त्यावरूनच ठरवतात आणि ती संमतीपत्रात छापतात. त्या दिवशी मूळ फाइलबरोबर तिचा बॅकअप, पर्यवेक्षकाला ईमेलने गेलेली प्रत, प्रगणकांचे फोन आणि भेटींच्या वेळा लिहिलेल्या त्यांच्या वह्या हे सारे यादी हातात घेऊन तपासावे लागते. वही बहुधा राहून जाते.