स्क्रू ड्रायव्हर दिसतो, ॲल्युमिनियम दिसत नाही

कारखान्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्याही डोक्यात एक समजूत घट्ट बसलेली असते. प्रॉक्सीच्या, म्हणजे जवळ आलेला धातू न शिवता ओळखणाऱ्या सेन्सरच्या, तोंडाशी चुंबक असतो आणि लोखंड जवळ आलं की तो ते ओळखतो, अशी ती समजूत. म्हणून सेन्सरवर संशय आला की खिशातला स्क्रू ड्रायव्हर त्याच्यासमोर धरायचा. मागचा दिवा लागला तर सेन्सर चांगला, नाही लागला तर बाद. रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकिंग मशीनवर याच चाचणीने मेंटेनन्सच्या लोकांना चांगलंच चकवलं. त्यात एकामागोमाग एक असे दोन दोष होते आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

त्या मशीनवर एक सरकणारं फिक्स्चर होतं. ते जागेवर आलं की एम १८ आकाराचा इंडक्टिव्ह सेन्सर, म्हणजेच प्रॉक्सी, पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, तसं कळवायचा आणि मग पुढची हालचाल सुरू व्हायची. मूळ फिक्स्चर माइल्ड स्टीलचं होतं. वजन कमी करायचं म्हणून तेच ॲल्युमिनियममध्ये बनवून घेतलं, मापं सुताइतकीही न बदलता. मशीन चालू केलं तर फिक्स्चर जागेवर येऊन उभं, आणि पीएलसी त्याची वाट बघतोय. स्क्रू ड्रायव्हर दाखवला, दिवा लागला. फिक्स्चर आलं, दिवा बंदच.

इंडक्टिव्ह सेन्सरच्या तोंडामागे चुंबक नसतो. तिथे फेराइटच्या वाटीत बसवलेली तारेची कॉइल असते. कपॅसिटरशी जोडून ती सेकंदाला काही लाख वेळा दोलनं करत राहते, त्यामुळे तोंडासमोरच्या जागेत तितक्याच वेगाने उलटसुलट होणारं चुंबकी क्षेत्र तयार होतं. ही दोलनं म्हणजे झोका आहे असं समजा. आतलं सर्किट दर फेरीला जेमतेम पुरेल एवढाच धक्का देत राहतं. कुणी पाय जमिनीला घासले की झोका मंदावतो. पाय घासण्याचं हे काम समोर आलेला धातू करतो.

बदलत्या चुंबकी क्षेत्रात धातू ठेवला की त्याच्या पृष्ठभागात गोल गोल फिरणारे भोवरा प्रवाह निर्माण होतात, हे शाळेत शिकलेल्या फॅरडेच्या नियमातूनच येतं. धातूच्या रोधामुळे हे प्रवाह उष्णतेच्या रूपात थोडी ऊर्जा खातात. ती ऊर्जा कॉइलकडूनच जाते, म्हणून दोलनांची उंची घटते. ती ठरलेल्या मर्यादेखाली गेली की पुढचं सर्किट आउटपुटचा ट्रान्झिस्टर चालू करतं. म्हणजे सेन्सर मोजतो ती ऊर्जेची गळती. लोखंडाचं चुंबकाकडे ओढलं जाणं इथे कुठेच नाही.

मग ॲल्युमिनियम तर लोखंडापेक्षा कितीतरी चांगला वाहक, त्यात प्रवाह जास्त वाहील आणि तो लांबूनच ओळखता येईल, असं वाटणं साहजिक आहे. घडतं नेमकं उलटं, आणि या सगळ्या विषयात मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच आहे.

जाड धातूत भोवरा प्रवाह किती वाढायचा हे त्याच्या रोधावर फारसं अवलंबून नसतं. लेन्झच्या नियमाप्रमाणे हा प्रवाह स्वतःचं उलटं चुंबकी क्षेत्र तयार करतो. त्या क्षेत्राने बाहेरून येणारं क्षेत्र जवळजवळ रद्द केलं की प्रवाहाला आणखी वाढायला कारण उरत नाही. त्यामुळे तांबं असो, ॲल्युमिनियम असो की स्टील, प्रवाह साधारण सारखाच राहतो. फरक पडतो तो या प्रवाहाच्या वाटेत किती रोध आहे याने. एवढ्या वेगाने बदलणारा प्रवाह धातूत खोल शिरत नाही, वरच्या कातडीतूनच वाहतो. सेकंदाला ५ लाख दोलनं धरली तर ॲल्युमिनियममध्ये ही कातडी सुमारे ०.१२ मिलिमीटर जाडीची निघते. माइल्ड स्टीलचा रोध मुळात जास्त आणि त्यात ते चुंबकीय, म्हणून तिथे कातडी मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांएवढीच राहते. जास्त रोधाचा धातू आणि वाट अशी अरुंद. हिशेब केला तर स्टीलच्या पृष्ठभागाचा रोध ॲल्युमिनियमच्या वीस-तीस पट भरतो, आणि प्रवाह सारखाच असल्यामुळे ऊर्जेची गळतीही तितक्याच पटीने जास्त होते. ॲल्युमिनियमचा दोष म्हणायचा तर तो एवढाच की त्यातून प्रवाह फारच बिनबोभाट वाहतो.

गळती इतकी कमी, तर ओळखण्याचं अंतर विसाव्या भागावर का येत नाही? कारण अंतर वाढलं की परिणाम फार झपाट्याने घटतो. लांबवरच्या लहान वस्तूसाठी अंतर दुप्पट झालं की तो सुमारे ६४ पट कमी होतो. हेच उलटं वाचलं तर थोडंसं जवळ आणलं की वीस पटींची तूट भरून निघते. म्हणून कॅटलॉगमध्ये ॲल्युमिनियमसमोर ०.३ ते ०.४ असा गुणक दिलेला असतो, पितळेला ०.४ ते ०.५, स्टेनलेस स्टीलला साधारण ०.७ च्या आसपास, आणि माइल्ड स्टीलला १.

रबाळ्याच्या सेन्सरचं अंतर ५ मिलिमीटर लिहिलेलं होतं. हे अंतर मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. समोर १ मिलिमीटर जाडीचा, चौकोनी, माइल्ड स्टीलचा तुकडा धरायचा आणि एम १८ साठी त्याची बाजू १८ मिलिमीटर घ्यायची. शिवाय सेन्सरा-सेन्सरांतला फरक, तापमान आणि व्होल्टेज यांच्यासाठी जागा सोडून खात्रीचं अंतर लिहिलेल्याच्या ८१ टक्के धरायचं, म्हणजे इथे सुमारे ४ मिलिमीटर. सेन्सर ३ मिलिमीटरवर बसवला होता, त्यामुळे स्टीलचं फिक्स्चर बिनघोर चालत होतं. ॲल्युमिनियमसाठी ५ गुणिले ०.४ म्हणजे २ मिलिमीटर, आणि खात्रीचं अंतर १.६. तीन मिलिमीटरवरून ते दिसणं शक्यच नव्हतं. स्क्रू ड्रायव्हर मात्र स्टीलचा होता आणि तो तोंडाला जवळजवळ टेकवूनच धरला जात होता.

इलाज सोपा होता: फिक्स्चरवर माइल्ड स्टीलची १८ मिलिमीटरची पट्टी स्क्रूने बसवायची. सगळे धातू सारख्याच अंतरावरून ओळखणारे ‘फॅक्टर वन’ सेन्सरही मिळतात, पण ते महाग असतात.

याच तर्कातून आणखी एक सुंदर गोष्ट निघते. औषधाच्या स्ट्रिपला मागून लावलेली ॲल्युमिनियमची फॉइल २० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे त्या ०.१२ मिलिमीटरच्या कातडीपेक्षा खूपच पातळ. प्रवाहाला वाहायला पुरेशी जाडीच न मिळाल्याने रोध वाढतो, गळती वाढते, आणि ही फॉइल जाड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यापेक्षा जास्त अंतरावरून ओळखली जाते. पण वेफर्सच्या पाकिटाच्या आतला चकचकीत थर याहूनही शेकडो पटींनी पातळ असतो. तिथे रोध इतका वाढतो की प्रवाहच नीट उभा राहत नाही, आणि सेन्सरला पाकीट दिसत नाही.

कॉइलची पोच तिच्या व्यासाच्या मापातच राहते, हे ध्यानात ठेवलं तर जमिनीत कित्येक फूट खोल पुरलेलं सोनं लांबून दाखवणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती किती खोट्या आहेत ते लगेच कळतं. गुप्तधनाच्या नादाने आपल्याकडे माणसांचे पैसे गेले आहेत आणि जीवही गेले आहेत. मुठीएवढ्या डबीतून तसं काही करणं भौतिकशास्त्रात बसत नाही.

समोरची वस्तू धातूची नसेल तर भोवरा प्रवाह उरत नाही आणि दुसरा मार्ग घ्यावा लागतो. प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी भिंतीबाहेरून ओळखायचं असेल तर कपॅसिटिव्ह सेन्सर चांगला. तो विद्युत क्षेत्राने काम करतो, आणि पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८० तर बहुतेक प्लास्टिकचा २ ते ४, त्यामुळे पाणी ठळक उठून दिसतं. मात्र नवी मुंबईच्या पावसाळ्यात सेन्सरच्या तोंडावर जमलेला दमटपणाही पाणीच असतो. म्हणून सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू टाकी रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही वेळी तपासून मधोमध ठेवावा. अंतर फुटांत असेल तर प्रकाशावर चालणारा फोटोइलेक्ट्रिक सेन्सर घ्यावा. त्याला धातू की लाकूड याने फरक पडत नाही. पण प्रकाश वस्तूवरून परत येण्यावर भिस्त असेल तर काळं रबर त्याला फसवतं. खंडेनवमीच्या पूजेत त्याच्या काचेवर कुंकू लागलं तर तेही प्रकाश अडवतं, तेवढी जागा सोडून पूजा करावी.

आता रबाळ्याचा दुसरा दोष. पट्टीची कल्पना सुचण्याआधी सेन्सरच बदलून टाकला होता. नव्या सेन्सरला पट्टी दाखवली तर त्याचा दिवा लागत होता, पण पीएलसीच्या इनपुटचा दिवा काही लागेना. आकार तोच, अंतर तेच, तारांचे रंगही तेच: तपकिरी २४ व्होल्टला, निळी ० व्होल्टला, काळी आउटपुट. जुना सेन्सर एनपीएन होता आणि नवा पीएनपी.

एनपीएन सेन्सर चालू झाला की काळी तार निळीला, म्हणजे ० व्होल्टला जोडतो. प्रवाह बाहेरून काळ्या तारेत येतो आणि सेन्सर तो खाली ओढतो, म्हणून त्याला सिंकिंग म्हणतात. पीएनपी काळी तार तपकिरीला जोडतो आणि प्रवाह बाहेर पाठवतो, ते सोर्सिंग. पीएलसीच्या इनपुटमागे एक छोटा एलईडी असतो. त्याचं एक टोक इनपुटच्या टर्मिनलवर आणि दुसरं कॉमनवर, म्हणजे एस/एस टर्मिनलवर येतं. जपानी पद्धतीच्या त्या पॅनेलमध्ये एस/एस २४ व्होल्टला जोडलेलं होतं. एनपीएनने इनपुटचं टोक ० ला ओढलं की एलईडीतून काही मिलिअँपिअर वाहायचे आणि इनपुट चालू व्हायचं. पीएनपीने तेच टोक २४ व्होल्टला नेलं. दोन्ही टोकांना २४, मग प्रवाह कशाला वाहील? सेन्सर बंद असताना तर काळी तार मोकळीच. चालू असो वा बंद, पीएलसीला काहीच कळत नाही.

हा दोष मल्टिमीटरने लगेच ओळखता येतो. काळी तार इनपुटलाच जोडलेली ठेवायची आणि काळी व निळी यांच्यातला डीसी व्होल्टेज बघायचा. एनपीएन बरोबर जोडलेला असेल तर आकडा बंद असताना २४ च्या जवळ आणि चालू झाल्यावर एक-दोन व्होल्टवर येतो. इथे सेन्सरचा दिवा लागत-विझत होता, पण मीटर दोन्ही वेळा २४ च्या आसपासच होता. दिवा बदलतो आणि व्होल्टेज बदलत नाही, म्हणजे आउटपुटचा प्रकार चुकला आहे.

एस/एस ० व्होल्टला वळवून पीएनपी चालवता आला असता, पण मग त्याच गटातले बाकीचे सगळे एनपीएन सेन्सर बंद पडले असते, कारण कॉमन संपूर्ण गटाला एकच असतो. म्हणून एनपीएनच परत आणला. तो मिळेपर्यंत मधे छोटा रिले लावून काम भागवता येतं. रिलेची कॉइल काळी आणि निळी यांच्यात जोडायची आणि संपर्क इनपुट व ० व्होल्ट यांच्यात. फिक्स्चरसाठी हे पुरतं, पण धावत्या बाटल्या मोजायला रिले मंद पडतो आणि त्याचे संपर्क झिजतात.

नवं मशीन घेताना मात्र मी पीएनपीच मागेन. त्याचं कारण सुरक्षिततेचं आहे. पॅनेलचा ० व्होल्ट बहुधा अर्थिंगला जोडलेला असतो. एनपीएनच्या काळ्या तारेचं इन्सुलेशन घासून ती मशीनच्या बॉडीला टेकली तर इनपुटचं टोक ० वर येतं, आणि जागेवर फिक्स्चर नसतानाही पीएलसी ते आलं असं वाचून पुढची हालचाल सुरू करू शकतो. पीएनपीची काळी तार तशीच टेकली तर सेन्सर चालू होताच शॉर्ट होतो, त्याचं आतलं संरक्षण आउटपुट तोडतं, आणि इनपुट बंदच राहतं.