पार्श्वभूमी: 200 रुपयांचे बक्षीसपत्र आणि त्यातले राहून गेलेले वाक्य

घर मुलांच्या नावावर करायचे तर बक्षीसपत्र करावे की मृत्युपत्र, हा प्रश्न महाराष्ट्रात 2015 पर्यंत बहुतेक घरांत पैशाच्या हिशेबानेच सुटत असे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, पूर्वीही लागत नव्हते. बक्षीसपत्राला मात्र कुटुंबातल्यांसाठी सवलत असूनही बाजारभावाच्या टक्केवारीत शुल्क भरावे लागे. लाखांत जाणारा तो आकडा ऐकला की वडील म्हणत, "राहू दे, मृत्युपत्र करून ठेवतो."

2015 साली मुद्रांक अधिनियमात दुरुस्ती झाली. राहते घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर शुल्क फक्त 200 रुपये झाले. बक्षीसपत्रे सोपी झाली ती तेव्हापासून. आजच्या बऱ्याच भांडणांचे मूळही त्याच सोपेपणात आहे, असे मला वाटते. शुल्काचा धाक होता तोवर माणसे वर्षभर विचार करत. आता रविवारी ठरते आणि सोमवारी नोंदणीचे टोकन घेतले जाते.

यादी वाचताना तीन जागा चुकतात. मुलगा हयात असेल तर सून या यादीत बसत नाही. भाऊ, बहीण आणि आईवडील यांना सवलत आहे, पण ती टक्केवारीतली, 200 रुपयांची नव्हे. आणि ही सवलत राहत्या घराला व शेतीला आहे. तळमजल्यावर दुकानाचा गाळा असलेला वाडा एकाच दस्ताने दिला, तर गाळ्याच्या भागावर वेगळा हिशेब लागतो. शिवाय 200 रुपये हा मूळ शुल्काचा आकडा आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार माफ झालेला नाही आणि तो बाजारमूल्यावर मोजतात. रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे 80 लाखांचा फ्लॅट असेल आणि अधिभार एक टक्का धरला, तर मुलीला देताना 200 रुपये अधिक 80 हजार भरावे लागतात. "दोनशेत काम होते" असे ऐकून आलेली मंडळी दुय्यम निबंधकाच्या दारात अडतात ती इथे. तोच फ्लॅट पुतण्याला द्यायचा तर खरेदीखताचा दर लागतो. पाच टक्के आणि वर एक टक्का अधिभार धरला, तर रक्कम चार लाख 80 हजार होते. मृत्युपत्राने दिल्यास दोघांनाही शून्य.

मागचा इतिहास थोडक्यात. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात मृत्युपत्र ही कल्पना जवळजवळ नव्हतीच. दान होते, वाटणी होती. मृत्युपत्र इंग्रजी अमदानीत रुजले. 1870 च्या कायद्याने मुंबईसारख्या मोठ्या शहरांत त्याला लेखी चौकट मिळाली. बाकी मुलखात हिंदूंचे तोंडी मृत्युपत्रही चालत असे. 1 जानेवारी 1927 पासून सर्वत्र लेखी आणि दोन साक्षीदारांचे मृत्युपत्र सक्तीचे झाले. दानाची गोष्ट उलटी. तिथे पूर्वी ताबा देणे महत्त्वाचे होते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ताब्याच्या जागी नोंदणीकृत दस्त आणला आणि देणाऱ्याच्या हयातीतच घेणाऱ्याने स्वीकार करण्याची अट घातली. (मुस्लिम कुटुंबांतला हिबा, म्हणजे दान, वेगळ्या नियमांनी चालतो, तो इथे घेतलेला नाही.) वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतल्या आपल्या अविभक्त हिश्श्याबाबत तर आजही गंमत आहे. तो हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, पण 1956 पासून मृत्युपत्राने देता येतो. बक्षीसपत्राचा मसुदा करण्याआधी घर स्वकष्टार्जित आहे का, हे पाहतात ते यासाठी.

आता वेळेचा मुद्दा. मृत्युपत्र मृत्यूनंतर बोलते. तोवर ते कितीही वेळा बदला, फाडा, नवे करा. नोंदवलेले मृत्युपत्रसुद्धा नंतरच्या साध्या कागदावरच्या, पण नीट साक्षांकित मृत्युपत्राने रद्द होते. "रजिस्टर केले म्हणजे पक्के" हा समज चुकीचा आहे. बक्षीसपत्र मात्र सही, स्वीकार आणि नोंदणी झाली की त्याच क्षणी घर दुसऱ्याचे होते. सहीनंतर नोंदणीला हजर करण्यासाठी चार महिन्यांची मुदत असते. स्वीकार झालेला असेल, तर त्या मधल्या काळात मन बदलले म्हणूनही मागे फिरता येत नाही.

यावर एक मधला मार्ग लोक काढतात. बक्षीस आज द्यायचे, पण तहहयात राहण्याचा हक्क आणि भाडे स्वतःकडे ठेवायचे. हे चालते का, यावर बरीच वर्षे वाद होता. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने ते चालते असे सांगितले, कारण नोंदणीकृत बक्षिसाला ताबा देणे आवश्यक नाही. मात्र दस्तात "माझ्या मृत्यूनंतर मालकी तुझी होईल" असे लिहिले, तर शीर्षक बक्षीसपत्र असले तरी न्यायालय ते मृत्युपत्र म्हणून वाचू शकते. मालकी आजच जाते आहे आणि फक्त राहणे मागे ठेवले आहे, हे शब्दांत स्पष्ट दिसले पाहिजे.

सगळ्यात गुंता आहे तो "रद्द करणे" या शब्दात. बक्षीस देणाऱ्याने एकट्याने जाऊन रद्दपत्र लिहिले, तरी मालकी परत येत नाही. 1882 च्या कायद्यात परतीचे मार्ग दोनच आहेत. एक म्हणजे फसवणूक, जबरदस्ती अशी कारणे, ज्यांनी कोणताही करार मोडतो. दुसरा म्हणजे दोघांनी आधीच मान्य केलेली एखादी घटना, जी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही. कायद्यातच शेताचे उदाहरण दिले आहे: घेणारा आणि त्याचे वंशज देणाऱ्याआधी वारले, तर शेत परत. पण "मला वाटेल तेव्हा परत घेईन" अशी अट घातली, तर बक्षीसच निरर्थक ठरते. आईवडिलांना हवी असते नेमकी हीच अट.

2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा इथे आला. त्याच्या 23 व्या कलमानुसार, 60 वर्षांवरील माणसाने सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने तो सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतर फसवणुकीने झाले असे मानून न्यायाधिकरण रद्द ठरवू शकते. आपल्याकडे हे काम प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवर चालते. दिवाणी दाव्याची वर्षे वाचतात. कायदा लागू होण्याआधीच्या दस्तांना मात्र तो लागत नाही.

पण "अटीवर" म्हणजे कसे? बक्षीसपत्राचे नेहमीचे मसुदे "प्रेम व आपुलकीपोटी, कोणत्याही दडपणाशिवाय" असे सुरू होतात आणि "आजपासून लिहून देणाराचा कोणताही हक्क राहिलेला नाही" असे संपतात. सांभाळाचा शब्दही नसतो. आई म्हणते, तो तर गृहीतच होता. डिसेंबर 2022 मध्ये असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. आईने हक्कसोडपत्राने आपला हिस्सा सोडला होता. न्यायालय म्हणाले, माणसे प्रेमापोटी परतफेडीची अपेक्षा न ठेवताही देतात, म्हणून अट होती हे सांगितले आणि सिद्ध केले पाहिजे. आईने अट मांडलीच नव्हती. ती हरली.

दोन वर्षांनी, 2 जानेवारी 2025 ला, त्याच न्यायालयाच्या वेगळ्या पीठापुढे मध्य प्रदेशातले प्रकरण आले. 2019 मध्ये आईने मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते. दस्तात मुलगा आपला सांभाळ करतो असे म्हटले होते. त्याच दिवशीचे मुलाचे वेगळे वचनपत्र आईने हजर केले: शेवटपर्यंत सांभाळीन, न केल्यास आई बक्षीस परत घेऊ शकते. मुलाने ते वचनपत्र बनावट असल्याचे सांगितले. खालच्या पायऱ्यांवर आई जिंकली, उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे हरली आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात पुन्हा जिंकली. कायदा कल्याणकारी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा, आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकते, असा तो निकाल आहे.

बातम्यांत हे निकाल एकमेकांविरुद्ध असल्यासारखे रंगवले गेले. "आता आईवडील कधीही बक्षीस रद्द करू शकतात" असे मथळेही झळकले. ते खरे नाही. 2025 च्या आईकडे कागद होता, 2022 च्या आईकडे नव्हता. उदार अर्थ लावायलाही आधी काहीतरी लिहिलेले असावे लागते. न्यायालयाने अट गृहीत धरायला हवी होती, असे मानणारे वकीलही आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदी पोकळ नाही. 75 वर्षांची बाई मसुदा वाचून त्यात शब्द घालायला सांगेल, ही अपेक्षाच जरा पुस्तकी आहे. तरी आजचा कायदा हाच.

80 लाखांच्या फ्लॅटचेच उदाहरण पुढे नेऊ. 68 वर्षांची विधवा आई धाकट्या मुलाला तो बक्षीस देते. मसुद्यात एक परिच्छेद असावा: "लिहून घेणार हा लिहून देणार हिचे अन्नवस्त्र, औषधपाणी व सदर मिळकतीतील निवास यांची सोय तिच्या हयातीपर्यंत करील, या अटीवर ही मिळकत बक्षीस दिली आहे. त्याने ही सोय करण्यास नकार दिल्यास हे बक्षीस रद्द होण्यास पात्र राहील." इथे घटना मुलाच्या वागण्यावर अवलंबून आहे, आईच्या मर्जीवर नाही, त्यामुळे 1882 चा अडथळा येत नाही आणि 2007 च्या कायद्याला पाय ठेवायला जागा मिळते. याचा दुसरा उपयोग कमी लोकांना माहीत आहे. मुलाने उद्या फ्लॅट गहाण ठेवला किंवा विकला, तर अट माहीत नसलेल्या, पैसे मोजून घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. अट नोंदवलेल्या दस्तातच असेल, तर "मला माहीत नव्हते" असे म्हणणे त्याला कठीण जाते. वेगळ्या वचनपत्राने हे साधत नाही, कारण मिळकतीचे नोंदवलेले दस्त तपासून केलेल्या शोध अहवालात ते दिसत नाही. अशा अटीमुळे पुढे कर्ज देताना बँक कुरकुरते आणि मुलगा परिच्छेद काढायला सांगतो. त्याने तसे सांगितले, तर आईने त्या दिवशी सही करू नये.

मृत्युपत्रात ही कसरत नाही. आईचे घर आईचेच राहते, सांभाळ झाला नाही तर नवे मृत्युपत्र होते. त्याची किंमत मुले नंतर मोजतात. मोठा भाऊ सहीवर किंवा आईच्या मनःस्थितीवर शंका घेतो आणि दोन साक्षीदारांपैकी हयात असलेल्याला शोधून उभे करावे लागते. म्हणून साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याहून लहान वयाचे घेतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला बसवत नाहीत.