‘हॅव’ : खानदेशी मराठीतील रूपांतर

इंग्रजीतील ‘हॅव’ या क्रियापदाला मराठीत एकच प्रतिशब्द नाही. मालकी, नाते किंवा आजार सांगताना मराठी ‘असणे’, ‘होणे’ किंवा ‘येणे’ वापरते आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्याला विभक्ती वा शब्दयोगी अव्यय लावते. क्रियापद माणसाप्रमाणे न बदलता वस्तूप्रमाणे बदलते : मला सर्दी झाली, ताप आला, दोन भाऊ आहेत.

‘आय हॅव अ कोल्ड’ याचे सरळ रूपांतर ‘मला सर्दी झाली आहे’ असे होते. इंग्रजी वाक्य स्थिती सांगते, मराठी ती स्थिती आणणारी घटना सांगते. जुनाट दुखण्याला मात्र नुसते ‘आहे’ पुरते : मला दमा आहे, बीपी आहे. ‘मला सर्दी आहे’ म्हटले तर ऐकणाऱ्याला ती नेहमीची वाटण्याचा संभव असतो. ताप दोन्हीकडे चालतो, तर डोकेदुखीला नामच लागत नाही; डोके दुखते. ‘माझ्याकडे सर्दी आहे’ ही शिकाऊ अनुवादातली ठरलेली चूक. ‘कडे’ ताबा दाखवते, आणि ताब्यातली वस्तू देता येते. सर्दी अशी देता येत नाही.

शेतीच्या बोलण्यात हा फरक नेमका कळतो. ‘त्याला पाच एकर केळी आहे’ यात बाग बहुधा स्वतःची असते. ‘त्याच्याकडे पाच एकर केळी आहे’ म्हटले की ती बटाईने केलेलीही असू शकते. ‘जवळ’ त्याहून अंगालगतचे : जवळ सुटे पैसे आहेत का?

खानदेशी म्हणजेच अहिराणीत ‘मला’ऐवजी ‘माले’ किंवा ‘मले’ आणि ‘आहे’ऐवजी ‘शे’ येते : माले सर्दी व्हयनी, माले दोन भाऊ शेतस. सांगाडा तोच राहतो. जळगाव भागातल्या लेवा गणबोलीतही ‘मले’ आहे.

या रचनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत द्राविडी प्रभावाचे; कन्नड ‘ननगे नेगडि आगिदे’ हे शब्दाला शब्द ‘मला सर्दी झाली आहे’ असे आहे, हा त्याचा आधार. परंतु कन्नडशी शेजार नसलेल्या गुजरातीतही ‘मने शरदी थई छे’ असेच म्हणतात. शिवाय संस्कृतात ‘मम द्वौ पुत्रौ स्तः’ अशी षष्ठीची रचना होती, आणि लॅटिनमध्येही चतुर्थी व ‘असणे’ यांतून मालकी सांगत. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ बाँव्हेनिस्त यांनी 1960 मध्ये ‘हॅव’सारख्या क्रियापदाला ‘कुणापाशी असणे’ याचेच उलटवलेले रूप मानले. तसे पाहता खुलासा मराठीपेक्षा इंग्रजीलाच अधिक लागतो. प्रभावाने जुनी घडण बळकट झाली असावी, उगम मात्र घरचाच, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सन यांच्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणात (खंड 9, भाग 3, 1907) खानदेशी भिल्ली गटाबरोबर, मराठीपासून वेगळी ठेवली आहे. या रचनेपुरते ते वर्गीकरण फारसे काही ठरवत नाही, कारण दोन्ही बाजूंना घडण एकच सापडते.