उंची तेवढाच चढ: e^x चं विकलज e^x का?

नाशिकहून मुंबईकडे जाताना इगतपुरी सुटली की कसारा घाट लागतो. तिथे रेल्वेमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की उंचीत १ मीटरचा फरक. आलेखाचा चढही असाच मोजतात: उंचीतला फरक भागिले आडवं अंतर. मात्र वक्र आलेखाचा चढ जागोजागी बदलतो. म्हणून x आणि x+h हे दोन बिंदू घ्यायचे, त्यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढायचा आणि h शून्याकडे न्यायचा. त्या वेळी चढ ज्या संख्येकडे जातो, ते विकलज.

आता 2^x घेऊ. 2^(x+h) म्हणजे 2^x गुणिले 2^h, त्यामुळे 2^x बाहेर काढता येतो:

```
(2^(x+h) - 2^x)/h = 2^x · (2^h - 1)/h
```

सगळी गंमत या एका ओळीत आहे. उजवीकडच्या दुसऱ्या भागात x उरतच नाही. तो भाग म्हणजे x=0 पाशी जोडरेषेचा चढ. h=०.१ घेतला तर तो ०.७१७७ येतो, ०.०१ ला ०.६९५६, ०.००१ ला ०.६९३४, पुढे तो ०.६९३१ पाशी स्थिरावतो. म्हणजे 2^x चा चढ कुठेही उंचीच्या ०.६९३१ पट असतो. पाया ३ घेतला तर हीच पट १.०९८६ होते. २ ला एकाहून कमी, ३ ला जास्त. मग मधल्या कुठल्यातरी पायाला ती नेमकी १ असणार. तो पाया २.७१८२८…, म्हणजेच e. e आकाशातून पडलेला नाही, या अटीवरूनच तो निवडता येतो.

h=0 थेट ठेवला तर ०/० मिळतं, त्यातून काहीच कळत नाही. कॅल्क्युलेटरवर h फार लहान, समजा 10^(-16), घेतला तरी फसगत होते. 2^h आणि १ मधला फरक त्याच्या अंकांत मावत नाही आणि उत्तर शून्य येतं. ०.००१ पुरेसा आहे.

बारावीच्या पेपरात हमखास दिसणारी चूक म्हणजे e^x चं विकलज x·e^(x-1) लिहिणं. x^n चा नियम इथे चालत नाही, कारण तिथे पाया बदलतो आणि घात स्थिर असतो. इथे उलट आहे. पडताळा सोपा आहे: x=0 ठेवला तर हे सूत्र चढ शून्य सांगतं, पण आलेख तिथे स्पष्ट वर चढताना दिसतो.

आलेख कागदावर काढून पाहाच, फक्त दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घ्या, नाहीतर कोन चुकतील. x=1 ला उंची २.७१८ आणि चढही २.७१८. म्हणून तिथल्या स्पर्शिकेवरून एक एकक डावीकडे गेलं की ती बरोबर २.७१८ खाली उतरते आणि आरंभबिंदूतून जाते. वक्रावरचा दुसरा कुठलाही बिंदू घ्या, तिथली स्पर्शिका X-अक्षाला त्या बिंदूच्या एक एकक डावीकडेच छेदेल. 2^x ला मात्र हे अंतर सगळीकडे सुमारे १.४४ भरेल.