हॉलच्या एलईडी भिंतीवर साडीचे पट्टे पळतात, ते का आणि त्यावर काय करावे

लग्नाचा व्हिडिओ आमच्याकडून फोर-केमध्ये नेलेल्या घरांतून एक तक्रार हमखास येते. घरच्या टीव्हीवर सगळे छान दिसते, पण रिसेप्शनला हॉलमधल्या एलईडी भिंतीवर तीच फाइल लावली की बारीक चौकड्यांच्या कुणबी साडीवर जाडजाड पट्टे उमटतात आणि साडी नेसलेली बाई चालू लागली की ते पट्टे पळत सुटतात. कौलांचे छप्पर, चिऱ्यांची भिंत, माडाच्या झावळ्या यांचीही अशीच वळवळ होते. फाइल खराब नसते आणि भिंतही बिघडलेली नसते. मोठे चित्र लहान करताना मधले पिक्सेल कसे हाताळले, एवढाच हा प्रश्न आहे.

एलईडी भिंत दिसायला मोठी असली तरी तिच्यात पिक्सेल फार थोडे असतात. अर्धा मीटर बाजूच्या पेट्या जोडून ती उभारतात. शेजारच्या दोन पिक्सेलमधले अंतर, म्हणजे पिच, ३.९ मिलिमीटर असेल तर एका पेटीत आडवे १२८ पिक्सेल बसतात. सहा पेट्या शेजारी लावल्या की तीन मीटर रुंदीची भिंत होते आणि तिचे आडवे पिक्सेल भरतात फक्त ७६८. आपल्या फोर-के चित्रात ते ३८४० असतात. म्हणजे भिंतीचा एक पिक्सेल मूळ चित्रातल्या आडव्या पाच पिक्सेलच्या जागी बसतो.

आता साडी जवळून पाहू. मूळ चित्राच्या एका ओळीत तीन पिक्सेल लाल, तीन पांढरे, पुन्हा तीन लाल, अशी नक्षी आहे असे धरा. नक्षी दर सहा पिक्सेलला पुन्हा सुरू होते. घाईत लहान करणारे यंत्र किंवा सॉफ्टवेअर दर पाचवा पिक्सेल उचलते आणि मधले चार टाकून देते. त्याच्या हाती पहिला, सहावा, अकरावा, सोळावा, एकविसावा आणि सव्विसावा पिक्सेल लागतो. मोजून पाहा: लाल, पांढरा, पांढरा, पांढरा, लाल, लाल. पुढेही हेच चालू राहते. भिंतीवर तीन पिक्सेल रुंदीचे लाल-पांढरे पट्टे तयार होतात आणि भिंतीचा पिक्सेल पाचपट मोठा असल्यामुळे ते खऱ्या पट्ट्यांच्या पाचपट जाड दिसतात. साडीवर असे पट्टे मुळात कुठेच नाहीत.

पळण्याचे कारणही यातच आहे. साडी मूळ चित्रात एक पिक्सेल उजवीकडे सरकली तर या गणिताने खोटा पट्टा भिंतीचा एक अख्खा पिक्सेल सरकतो, तोही डावीकडे. बाई उजवीकडे चालतात आणि पट्टे पाचपट वेगाने उलटे धावतात. म्हणूनच स्थिर फोटोत ‘चालेल’ वाटणारी गोष्ट व्हिडिओत डोळ्याला बोचते. फाइल तपासायची तर थांबवलेल्या चित्रावर तपासू नका, माणूस चालतो तो भाग लावून बघा.

नियम असा की लहान झालेल्या चित्रात कोणत्याही नक्षीच्या एका आवर्तनाला दोन पिक्सेलपेक्षा जास्त जागा मिळायला हवी. या भिंतीसाठी ती मर्यादा मूळ चित्रात दहा पिक्सेल होते. आपली साडी सहाची, म्हणून फसते. घरच्या टीव्हीवर ती का फसत नाही? फोर-के टीव्ही असेल तर लहान करायचेच नसते. फुल-एचडी असेल तर चित्र निम्मे होते, नक्षीला तीन पिक्सेल मिळतात आणि काम भागते.

उपाय म्हणजे लहान करण्याआधी, किंवा करता करताच, मर्यादेपेक्षा बारीक असलेला तपशील विरघळवणे. साधी पद्धत पाच-पाच पिक्सेलची सरासरी काढते. पण सहाच्या नक्षीतून पाच घेतले की कधी तीन लाल दोन पांढरे येतात, कधी दोन लाल तीन पांढरे. म्हणजे खोटे पट्टे पाचव्या हिश्शाने उरतातच, फिके पण हलणारे. लँक्झोस नावाचा फिल्टर आजूबाजूचे अधिक पिक्सेल वजन लावून मोजतो. या भिंतीसाठी तो आडव्या दिशेने तीस पिक्सेल पाहतो आणि पट्टे जवळपास पुसले जातात. साडी मग सपाट गुलाबी दिसते. काही ग्राहकांना हे पटत नाही, पण ७६८ पिक्सेलमध्ये ती चौकडी मावतच नाही. गुलाबी रंग खरा असतो, जाड पट्टे खोटे असतात.

घरी संगणकावर फाइल करणाऱ्यांसाठी ffmpeg या प्रोग्रॅमला द्यायची आमची नेहमीची आज्ञा अशी आहे:

```
ffmpeg -i lagna.mp4 -vf "scale=768:432:flags=lanczos,pad=1920:1080:0:40" -c:v libx264 -crf 16 -pix_fmt yuv420p -c:a copy bhint.mp4
```

यात चित्र ७६८ बाय ४३२ होते आणि मग फुल-एचडी आकाराच्या काळ्या चौकटीत डाव्या कडेला, वरून ४० ओळी सोडून बसते. भिंत चार पेट्या उंच, म्हणजे ५१२ ओळींची असेल तर वर-खाली सारखी काळी पट्टी राहते. एलईडीवाल्याला मात्र आधी सांगा की डाव्या वरच्या कोपऱ्यातला भाग एकास एक दाखवायचा, ताणायचा नाही. त्याच्या यंत्राने चित्र पुन्हा लहान-मोठे केले तर ही सगळी मेहनत फुकट. भिंतीचे पिक्सेलही त्यालाच विचारा, मीटरमधल्या मापावरून अंदाज बांधू नका.

एवढे करूनही झावळ्या किंवा कौले लुकलुकत असतील तर `scale` च्या आधी `gblur=sigma=1.5,` घाला. चित्र किंचित मऊ होईल, पण भिंत दहा-पंधरा फुटांवरून पाहताना ते जाणवत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअरमधली शार्पनिंग मात्र बंद ठेवा. पट्टे परत आणण्यात तिचा हात मोठा असतो. प्रीमियरमध्ये एक्स्पोर्ट करताना `Use Maximum Render Quality` वर खूण करा. वेबसाइटसाठी फोटो लहान करताना `Nearest Neighbor` हा पर्याय टाळा, बाकी तत्त्व हेच.

साडीची चौकडी दिसायलाच हवी असा आग्रह असेल तर तेवढा प्रसंग जवळून दाखवावा लागतो. फोर-केमधला १९२० बाय १०८० चा तुकडा कापून घेतला की तो भिंतीसाठी फक्त अडीचपट लहान होतो, नक्षीला २.४ पिक्सेल मिळतात आणि चौकडी कशीबशी का होईना, खरी दिसते.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवतो. कधी कधी पट्टे कॅमेऱ्यातच नोंदले जातात, विशेषतः मोबाइलवरच्या शूटिंगमध्ये. मूळ फाइल प्लेयरमध्ये शंभर टक्के आकारात उघडा. खिडकीत मावेल असे बसवून पाहू नका, कारण तेव्हा प्लेयरच चित्र लहान करत असतो आणि तोही पट्टे पाडू शकतो. शंभर टक्क्यांवरही पट्टे दिसले तर ते चित्रातच आहेत आणि कोणताही फिल्टर त्यांना साडीपासून वेगळे ओळखू शकत नाही. अशा वेळी तो शॉट बदलणे सोयीचे. त्याच प्रसंगाचा दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट आमच्याकडे असेल तर तो काढून देऊ.