दृश्यजोड (चित्रपट संकलन)

चित्रपटात एक शॉट संपून दुसरा सुरू होतो, त्या सांध्याला दृश्यजोड म्हणतात. कथा सांगताना प्रामुख्याने तीन जोड वापरले जातात: साधा कट, एक चित्र विरत असतानाच दुसरे उमटणारा डिझॉल्व्ह, आणि आकार किंवा हालचालीच्या साम्यावर बेतलेला मॅच कट.

साधा कट हा मूळ जोड होय. तो प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही, विशेषतः हालचालीच्या मध्यावर केला तर. माणूस खुर्चीत बसताना गुडघे वाकू लागले की कट करावा आणि पुढच्या शॉटमध्ये त्याला तिथूनच खाली येऊ द्यावे. नजर हालचालीमागे जाते आणि सांधा सुटून जातो. तो बसून स्थिर झाल्यावर कट केला, तर तोच सांधा डोळ्यांत खुपतो.

डिझॉल्व्ह पाहिला की प्रेक्षक ‘मध्ये काळ गेला’ असे समजतो. म्हणून एकाच संभाषणात तो टाकला, तर दोन वाक्यांमध्ये तासभर गेल्यासारखे वाटते. मुलाखतीतले वाक्य कापल्यावर चेहऱ्याला बसणारा झटका झाकण्यासाठी तो सर्रास वापरला जातो, पण तिथे एका चेहऱ्यातून तोच चेहरा उगवताना दिसतो आणि काटछाट उलट उघडी पडते. अशा जागी बोलणाऱ्याच्या हातांचा किंवा तो ज्याविषयी बोलतो त्या वस्तूचा शॉट घालावा.

डिझॉल्व्हला शॉटच्या दोन्ही टोकांना जास्तीचे चित्रण लागते. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या आणि एक सेकंदाचा डिझॉल्व्ह सांध्याच्या मध्यावर ठेवला, तर पहिल्या शॉटच्या कटानंतर 12 आणि दुसऱ्याच्या कटाआधी 12 फ्रेम हाताशी हव्यात. त्या नसतील तर काही सॉफ्टवेअर टोकाची फ्रेम गोठवून वेळ भरून काढतात, आणि चालणारा माणूस विरता विरता थबकतो. फ्रेम असूनही घोटाळा होतो: त्या बारा फ्रेममध्ये शॉटचा क्रमांक दाखवणारी क्लॅपची पाटी हलत असेल, तर ती पुसटशी पडद्यावर येते. चित्रण करताना शॉटच्या मागे-पुढे दोन-तीन सेकंद कॅमेरा चालू ठेवण्याची शिस्त यासाठीच आहे.

डिझॉल्व्ह खरोखर हवा आहे का, हे तो काढून पाहिल्यावरच कळते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (1962) मध्ये जळती काडी विझवणाऱ्या लॉरेन्सवरून वाळवंटातल्या सूर्योदयाकडे जाताना पटकथेत डिझॉल्व्ह लिहिलेला होता. फिल्मच्या काळात डिझॉल्व्ह प्रयोगशाळेत तयार होऊन येई. तोवर संकलनाच्या प्रतीत त्या जागी नुसता कट असे. दिग्दर्शक डेव्हिड लीन आणि संकलक अ‍ॅन कोट्स यांनी तो कच्चा कट पाहिला आणि तोच ठेवला. फुंकर आणि क्षितिज यांच्यामधली ती झेप विरघळून गेली असती, तर तिचा जोर उरला नसता. आजही कच्ची प्रत संपूर्णपणे साध्या कटांवर लावावी, प्रकरण माहीत नसलेल्या कुणाला तरी दाखवावी, आणि काळाबाबत जिथे तो गोंधळेल तिथेच डिझॉल्व्ह टाकावा. अशा जागा बहुधा फारच थोड्या निघतात.

मॅच कट संकलनाच्या टेबलावर सुचत असला, तरी जमतो तो चित्रीकरणात. समजा, आजी परातीत भाकरी थापते आणि पुढच्या शॉटमध्ये मोठी झालेली नात डफावर थाप देते. साम्य गोलाचे आहे, थापेचे आहे आणि ताल कुठून आला ही कथाही त्यातच आहे. त्यासाठी दोन्ही शॉटमध्ये कॅमेरा गोलाच्या अगदी समोर हवा. जरा तिरका झाला की वर्तुळ लंबगोल होते. भाकरीने फ्रेमच्या उंचीचा अर्धा भाग व्यापला असेल, तर डफानेही तेवढाच आणि त्याच जागी व्यापावा. पहिल्या शॉटची फ्रेम मॉनिटरवर अर्धपारदर्शक ठेवून दुसरा शॉट लावला, की अंदाजावर राहावे लागत नाही.

फसते ते बहुतेकदा हाताच्या बाजूवर. नात कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी असेल, तर तिचा उजवा हात पडद्यावर डावीकडून येतो. आजीचा शॉट तिच्या खांद्यामागून वरून घेतला असेल, तर तिचा उजवा हात उजवीकडून येईल आणि नजर ठेचकाळेल. म्हणून वरचा कॅमेरा आजीच्या समोरच्या बाजूने फिरवून लावावा. कट करताना भाकरीचा शॉट तळहात पिठाला टेकण्याच्या किंचित आधी सोडावा आणि डफाचा शॉट तळहात टेकल्याच्या फ्रेमपासून घ्यावा. दोन्हीकडे टेकलेला हात ठेवला, तर एकाच थापेच्या दोन थापा दिसतात. आणि भाकरीचा मऊ ‘थप’ही ठेवला, तर त्या ऐकूही येतात. तिथे आवाज फक्त डफाचा असावा.